नावाची पहिली दहा अक्षरं

इन्स्टाग्राम युजरनेमसाठी तीस अक्षरं देतं, यूट्यूबही हँडलला तीसच देतं, टेलिग्राम बत्तीस. एवढी जागा मोकळी दिसली की माणूस ती भरून टाकतो. दुकानाचं नाव, गावाचं नाव, मालाचं नाव, शिवाय ‘ऑफिशियल’ हा शब्द, सगळं एकाच नावात बसवतो. ते नाव पूर्ण दिसतं ते फक्त प्रोफाइल उघडल्यावर. पण गिऱ्हाईक प्रोफाइल रोज उघडत नाही. त्याला आपण भेटतो ते नोटिफिकेशनच्या पट्टीत, चॅटच्या यादीत, कमेंटच्या वर आणि स्टोरीच्या गोल चित्राखाली. तिथे नावाचा पुढचा तुकडा दिसतो आणि मग तीन टिंबं.

सातारा जिल्ह्यातल्या छोट्या व्यावसायिकांची खाती सांभाळणं हे माझं काम. मसाले, लोणची, घोंगड्या, शिवणकाम, गाण्याचे क्लास असे सगळे त्यात आले. नवीन खातं उघडायचं असो की जुनं नीट लावायचं असो, मी आधी एकच गोष्ट बघते: हे नाव कापलं गेल्यावर काय उरतं? त्यातून जे शिकले ते इथे लिहिते.

१. किती अक्षरं चालतात आणि किती दिसतात, हे दोन वेगळे आकडे आहेत.

माझ्या मावसबहिणीचा कराडला घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. तिने खात्याला नाव ठरवलं होतं `gharguti_marathi_masale_karad`. मोजलं तर एकोणतीस अक्षरं. इन्स्टाग्रामच्या तिसात ते बसत होतं, यूट्यूबवरही चालत होतं. एक्सवर मात्र हँडल पंधरा अक्षरांपलीकडे जाऊ देत नाहीत, तिथे ते `gharguti_marath` इथेच संपलं असतं. म्हणजे तिथे वेगळं नाव घ्यायचं आणि गिऱ्हाइकाला दोन नावं लक्षात ठेवायला लावायची.

त्याहून मोठी अडचण इन्स्टाग्रामवरच होती, जिथे नाव रीतसर बसत होतं. स्टोरीच्या ओळीत गोल चित्राखाली जेमतेम दहाएक अक्षरं मावतात. तिथे तिचं नाव `gharguti_m…` असं दिसायचं. कराड गेलं, मसाले गेले, मराठीही गेलं. उरलं ते ‘घरगुती’ आणि एक एम. घरगुती मेस, घरगुती मेंदी, घरगुती मुखवास अशी कितीही खाती त्या एवढ्या तुकड्यात बसतील.

म्हणून नाव ठरवताना मी दोन रेघा मारते. पहिली पंधरा अक्षरांवर, म्हणजे एक्सवरही तेच नाव घेता येतं. दुसरी दहा अक्षरांवर, म्हणजे सगळ्यांत अरुंद जागी काय दिसेल ते कळतं. दहावरची रेघ हा काही नियम नाही, अंदाज आहे. पण पहिल्या दहा अक्षरांत नाव ओळखू आलं तर बाकीच्या जागांची चिंता बरीच कमी होते.

शब्दांच्या मधे काय घालायचं तेही इथेच ठरवावं. इन्स्टाग्रामवर टिंब चालतं, एक्स आणि टेलिग्रामवर चालत नाही. अंडरस्कोर चारही ठिकाणी चालतो. म्हणून मी अंडरस्कोरच घेते, आणि तोही एकच. त्याला छापताना जवळजवळ अक्षराएवढीच जागा लागते, त्यामुळे तीन अंडरस्कोर म्हणजे तीन अक्षरं गेलीच समजायची.

२. फोन अक्षरं मोजून कापत नाही, रुंदी बघून कापतो.

हे कळलं की पुष्कळ कोडी सुटतात. बहुतेक ॲपमध्ये नावासाठी एका ओळीची चौकट असते. मजकूर चौकटीत मावला तर पूर्ण दिसतो. नाही मावला तर तीन टिंबांना जागा राहील इतका मागे कापला जातो. फोनवरच्या नेहमीच्या टायपात प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते. अँड्रॉइडच्या रोबोटो टायपात `m` ला `i` च्या तिप्पटीहून जास्त जागा लागते. त्यामुळे `kirti_tilgul` हे बारा अक्षरांचं नाव `mamachamala` या अकरा अक्षरांच्या नावापेक्षा चांगलंच अरुंद बसतं. अक्षरांची संख्या बघून निश्चिंत झालात तर दुसऱ्या नावाला फसाल.

घरच्या संगणकावर हे दोन मिनिटांत बघता येतं. खालची ओळ एका फाइलमध्ये लिहायची, फाइलचं नाव `.html` ने संपवायचं आणि ब्राउझरमध्ये उघडायची:

```html
<div style="width:72px; font:12px Roboto,sans-serif;
white-space:nowrap; overflow:hidden;
text-overflow:ellipsis">gharguti_marathi_masale_karad</div>
```

बारा पिक्सेलचा टाइप आणि बहात्तर पिक्सेलची चौकट हे आकडे मी मुद्दाम तंग जागेसाठी घेतले आहेत. `nowrap` मुळे मजकूर दुसऱ्या ओळीवर जात नाही, `hidden` मुळे चौकटीबाहेरचा भाग लपतो आणि `ellipsis` मुळे टिंबं येतात. हे नाव `gharguti_` च्या आसपास तुटतं. नाव बदलून, `72px` चे `120px` करून बघा. कोणतं नाव कुठे तुटतं हे लगेच डोळ्यांना कळतं, आणि दोन-तीन पर्याय एकाखाली एक ठेवले तर निवड करायला वादही घालावा लागत नाही.

चौकटीची रुंदीसुद्धा ठरलेली नसते. चॅटच्या यादीत नावाच्याच ओळीत उजवीकडे वेळ लिहिलेली असते. नुसत्या ‘१०:४५’ पेक्षा ‘काल’ किंवा पूर्ण तारीख जास्त किंवा कमी जागा घेते, आणि नावाला तेवढी कमी किंवा जास्त मिळते. कमेंटच्या वर नावाशेजारी ‘२ दिवसांपूर्वी’ असतं. कमेंटला दिलेलं उत्तर आत सरकवून दाखवतात, म्हणून तिथे जागा आणखी आकसते. एकच नाव त्याच फोनवर सकाळी पूर्ण आणि दुसऱ्या दिवशी तुटलेलं दिसलं तर फोन बिघडलेला नसतो, शेजारच्या वेळेचा मजकूर बदललेला असतो.

३. जे तुमचं एकटीचं आहे ते आधी लिहा.

मावसबहिणीशी यावर बसून बोलले तेव्हा ती म्हणाली, “ताई, पण घरगुती आणि मराठी हेच तर आमचं वैशिष्ट्य आहे!” मी तिला म्हटलं, “वैशिष्ट्य आहे, पण ते सगळ्याच मसालेवाल्यांचं आहे. तुझ्याकडे असं काय आहे जे दुसऱ्या कुणाकडेच नाही?” थोडा वेळ विचार करून ती म्हणाली, “काशीआत्या.” तिच्या सासऱ्यांची बहीण. कांदा-लसूण मसाल्याचं घरातलं प्रमाण त्यांचं, आणि आजूबाजूच्या गल्लीतल्या बायका अजूनही ‘काशीआत्यांचा मसाला’ म्हणूनच मागतात.

मग आम्ही कागदावर पर्याय मांडले. पहिला `karad_kashiatya_masale`. यात पुन्हा गाव पुढे आलं. कराडच्या लोकांच्या फोनमध्ये `karad_` ने सुरू होणारी खाती आधीच ढीगभर असतात, बातम्यांची, क्लासची, हॉटेलांची. त्या रांगेत `karad_kash…` शोधायला थांबावं लागतं. दुसरा `official_kashiatya`. यात पहिली नऊ अक्षरं अशा शब्दावर खर्च झाली ज्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण ‘ऑफिशियल’ कुणीही लिहू शकतं. तिसरा `kashiatya_masale`. हा चांगला होता, पण सोळा अक्षरांचा, म्हणजे एक्ससाठी एकाने जास्त. शिवाय त्यात आणखी एक खोट होती, ती पुढच्या मुद्द्यात सांगते. चौथा `kashiatya_karad`. नऊ अक्षरं आत्याची, एक अंडरस्कोर, पाच गावाची, बरोबर पंधरा. वरच्या चौकटीत तो `kashiatya_k…` असा तुटतो. काशीआत्या अखंड राहते आणि गेलं तर फक्त गाव जातं. स्टोरीच्या ओळीत गावाची गरज कुणालाच नसते.

हाच घोळ मला बऱ्याच नावांत दिसतो. ‘आम्ही’, ‘श्री’, ‘टीम’, ‘द’, ‘माय’, जिल्ह्याचं नाव, जातिवाचक किंवा धंदावाचक शब्द पुढे येतात आणि ज्यावरून ओळखायचं ते शेपटीला जातं. दुकानाच्या दोन शाखा असल्या तर परिणाम जास्त जाणवतो. मोठं समान नाव पुढे आणि `_satara`, `_wai` मागे असं असेल तर चॅटच्या यादीत दोन्ही शाखा अगदी एकसारख्या दिसतात. गिऱ्हाईक वाईची ऑर्डर साताऱ्याला पाठवतं आणि चूक कुणाचीच नसते. अशा वेळी शाखेचं नाव पुढे घ्यावं, `wai_` आधी आणि दुकान नंतर. गाव पुढे नको असं मी वर म्हटलं आणि इथे गावच पुढे घ्यायला सांगते आहे, यात विसंगती नाही. काशीआत्या एकच आहेत, तेव्हा गावाने काही वेगळं कळत नाही. दोन शाखांत मात्र वेगळं फक्त गावच आहे.

सोसायटीचे आणि शाळेच्या पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुपही याच कारणाने गोंधळतात. ग्रुपच्या नावाला शंभर अक्षरं चालतात, म्हणून नोंदणीपत्रावरचं नाव जसंच्या तसं टाकतात आणि ‘अ इमारत’, ‘ब इमारत’ हे शेवटी येतं. ‘अ इमारत’ पुढे घेतली की पाण्याच्या टाकीचा निरोप चुकीच्या इमारतीला जाणं थांबतं.

४. उरलेला तुकडा मोठ्याने वाचा.

`kashiatya_masale` मधली खोट ही. चॅटच्या यादीत ते कधी `kashiatya_mas…` तर कधी `kashiatya_masa…` असं तुटतं. रोमन लिपीतलं `mas` मराठी माणूस मास किंवा मांस वाचतो, आणि `masa` म्हणजे मासा. शाकाहारी मसाला विकणाऱ्या बाईच्या नावापुढे हे नको होतं. रोमन लिपीत ह्रस्व-दीर्घ, त-ट, अनुस्वार काहीच नीट दिसत नाही, त्यामुळे तुटलेल्या मराठी शब्दाचा भलताच शब्द व्हायला वेळ लागत नाही.

मी नाव सहा अक्षरांपासून पुढे एकेक अक्षर वाढवत कागदावर उतरवते आणि प्रत्येक तुकडा घरातल्या कुणाला तरी वाचायला देते. ज्याला पूर्ण नाव आधीच माहीत आहे त्याला देऊन उपयोग नाही, तो मनातल्या मनात उरलेलं भरून घेतो. अर्थ बदललाच तर दोन उपाय असतात. एक तर तो शब्द काढायचा, किंवा तो इतका पुढे आणायचा की तो कापलाच जाणार नाही. शेवटी `kashiatya_karad` ठरलं त्यात हाही विचार होता. ते कुठेही तोडलं तरी त्यात वावगं काही निघत नाही.

५. कुठे युजरनेम दिसतं आणि कुठे नाव, हे आधी शोधा.

प्रत्येक खात्याला दोन नावं असतात. एक `@` वालं युजरनेम, दुसरं आपण हवं तसं लिहितो ते नाव, ज्यात देवनागरी चालतं, जागा सोडता येते. लोक युजरनेमवर आठवडाभर विचार करतात आणि हे दुसरं नाव घाईत भरून टाकतात. प्रत्यक्षात चॅटच्या यादीत बहुतेक वेळा दुसरंच दिसतं. टेलिग्रामच्या यादीत युजरनेम दिसतच नाही. इन्स्टाग्रामच्या मेसेजच्या यादीतही नाव दिसतं, पण स्टोरीखाली आणि कमेंटवर युजरनेम येतं. यूट्यूबच्या कमेंटवर २०२३ पासून चॅनेलच्या नावाऐवजी हँडल येतं. एक्सवर दोन्ही एकाच ओळीत असतात, त्यामुळे नाव लांब ठेवलं की कात्री हँडलवर चालते. तिथे हँडल नीट दिसावं असं वाटत असेल तर नाव आखूड करावं लागतं.

व्हॉट्सॲपचं तर्कशास्त्र आणखी वेगळं. समोरच्याने नंबर ज्या नावाने जतन केला असेल तेच त्याच्या यादीत दिसतं, तिथे आपला काही इलाज नाही. पण ज्यांनी नंबर जतन केलेला नाही त्यांना ग्रुपमध्ये आपण प्रोफाइलला लिहिलेलं नाव `~` या खुणेसह दिसतं. आणि ग्रुपची यादी बघताना खालच्या ओळीत पाठवणाऱ्याचं नाव, अपूर्णविराम आणि मग मेसेजची सुरुवात असते. इथे लांब नाव स्वतः कापलं जात नाही, ते मेसेजला बाहेर ढकलतं. ‘काशीआत्यांचे घरगुती मसाले: उद्या…’ एवढंच दिसलं तर उद्या काय, हे कळायला ग्रुप उघडावा लागतो. ‘काशीआत्या: उद्या कांदा-लसूण ताजा येणार’ असं दिसलं तर न उघडताही निरोप पोहोचतो. मावसबहिणीने प्रोफाइलचं नाव आखूड केलं ते याच कारणासाठी, आणि माझ्या मते सगळ्या बदलांत तिच्या सर्वांत कामी आला तो हाच.

६. देवनागरी नाव ठेवणार असाल तर जोडाक्षराकडे बघा.

देवनागरीत नाव लिहावं, मी तर आग्रहच धरते. फक्त ते कुठे तुटतं हे बघायला हवं. आपल्याला ‘त्या’ हे एक अक्षर वाटतं, संगणकाच्या लेखी ते चार घटक आहेत: त, हलन्त, य आणि काना. ‘काशीआत्यांचे’ या शब्दात असे बारा घटक आहेत. फोनवर जी चौकट नाव कापते ती बहुतेक वेळा समजूतदार असते, ती अख्खं अक्षर उचलते. घोटाळा होतो तो नोटिफिकेशन पाठवण्याआधी सर्व्हरवरच एखादा प्रोग्रॅम ठरावीक घटक मोजून नाव छाटतो तेव्हा. सात घटकांवर छाटलं तर ‘काशीआत्’ उरतं, खाली हलन्त लोंबतो. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. तुटलेल्या नावाच्या शेवटी पाय मोडलेलं अक्षर दिसलं तर कापणी फोनवर झालेली नाही, आधीच झाली आहे. मग फोनचं सेटिंग बदलून काही होणार नाही, नावच असं ठेवायचं की जोडाक्षर पुढच्या चार-पाच अक्षरांत येणार नाही किंवा नाव तिथपर्यंत जाणारच नाही.

काही जुन्या यंत्रणा घटकही मोजत नाहीत, बाइट मोजतात. रोमन अक्षराला एक बाइट पुरते, देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन लागतात. तीस बाइटांच्या जागेत रोमन नाव तीस अक्षरांचं मावतं आणि देवनागरी दहाच घटकांचं. घटकाच्या मधोमध तुटलं तर शेवटी काळ्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह `�` येतं. ते दिसलं की कारण शोधायला दूर जावं लागत नाही. युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली, देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतलं जोडाक्षर मधेच तोडू नये असा नियम आला. पण तो प्रत्येक ॲपने आणि प्रत्येक सर्व्हरने अंमलात आणेपर्यंत आपण डोळ्यांनी बघितलेलं बरं.

नावात चित्रं घालणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. तिरंगा दिसायला एक चित्र आहे, आतून तो I आणि N अशा दोन खुणांचा बनलेला असतो. मधे तुटला तर झेंडा जातो आणि चौकटीतलं एकटं I उरतं. नावाच्या सुरुवातीला मिरचीचं चित्र घातलं तर ते दोन अक्षरांची जागा खातं, आणि ती जागा सर्वांत मोलाची असते. चित्र हवंच असेल तर शेवटी ठेवावं. तिथून ते गेलं तरी नाव राहतं.

७. खातं न बदलता तपासता येतं.

युजरनेम बदलून बघणं हा तपासणीचा महाग मार्ग आहे. जुन्या लिंक चालेनाशा होतात, लोकांनी टॅग केलेल्या जागी जुनंच नाव राहतं. यूट्यूबवर चौदा दिवसांत दोनदाच हँडल बदलता येतं. म्हणून मी आधी साधी युक्ती करते. दुसऱ्या फोनमध्ये एक संपर्क उघडून त्याला विचारात असलेलं युजरनेम हेच नाव देते आणि त्या नंबरवरून व्हॉट्सॲपला मेसेज पाठवायला सांगते. नोटिफिकेशनमध्ये, लॉक असलेल्या पडद्यावर, चॅटच्या यादीत ते कसं दिसतं हे खऱ्या फोनवर, खऱ्या टायपात बघायला मिळतं. दुसऱ्या ॲपमधली चौकट थोडी वेगळी असेल, पण चार पर्यायांतून एक निवडायला हे पुरतं.

तपासायला फोन घ्यावा तो घरातल्या ज्येष्ठ माणसाचा. आपल्या फोनवर टाइप बारीक असतो आणि नाव पूर्ण मावतं, म्हणून आपल्याला वाटतं की सगळं ठीक आहे. मसाले विकत घेणाऱ्या बायकांत चाळिशीचा चष्मा लागलेल्या पुष्कळ असतात आणि त्यांनी टाइप मोठा केलेला असतो. अँड्रॉइड १४ पासून टाइप दोनशे टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. तेवढ्या आकारात नोटिफिकेशनमध्ये लांब नाव अर्ध्यावर येतं. सेटिंगमध्ये डिस्प्लेखाली टायपाचा आकार आणि डिस्प्लेचा आकार अशा दोन वेगळ्या पट्ट्या असतात, दोन्ही वाढवून बघाव्यात. आयफोनवर हे ॲक्सेसिबिलिटीखाली मोठ्या मजकुराच्या पर्यायात आहे.

मग एक फेरी मारायची. लॉक असलेल्या पडद्यावर मेसेज घ्या. चॅटच्या यादीत तो न वाचता ठेवा, म्हणजे न वाचलेल्यांचा आकडाही जागा घेईल. ते चॅट म्यूट करून, पिन करून बघा, कारण त्या दोन्ही खुणा नावाच्या आसपासच बसतात. कमेंट टाका आणि त्या कमेंटला उत्तर द्या, तुटणं बहुधा उत्तरातच दिसतं. प्रत्येक ठिकाणी स्क्रीनशॉट काढून ते एका रांगेत लावा. मावसबहिणीच्या रांगेत जुनं नाव पाचही ठिकाणी तुटलं होतं आणि कुठेच कराड किंवा मसाले दिसत नव्हते. नवं नाव तिच्या सासूबाईंच्या मोठ्या टायपाच्या फोनवर एकाच जागी तुटलं, तेही `kashiatya_` च्या पुढे. तिथे आम्ही थांबलो. प्रत्येक फोनवर अखंड दिसेल असं नाव शोधत बसायचं नसतं, तुटल्यावरही तुमचंच राहील असं मिळालं की पुरे.

८. पहिली दहा अक्षरं दुसऱ्यालाही घेता येतात.

ज्या कारणाने पुढचा भाग महत्त्वाचा, त्याच कारणाने लबाडी करणाऱ्यालाही तो सोयीचा पडतो. `kashiatya_karad` ची नक्कल करायची तर त्याला `kashiatya_karad_orders` पुरेल. स्टोरीच्या ओळीत आणि नोटिफिकेशनमध्ये दोन्ही एकसारखे तुटतील, चित्रही तेच लावलं तर फरक उरणार नाही. बारीक टायपात `rn` हे `m` सारखं आणि मोठा `I` हा लहान `l` सारखा दिसतो, तेही असे लोक वापरतात. यावर नाव बदलणं हा उपाय नाही. मावसबहिणीने पैसे घेण्याची पद्धत बदलली. ऑर्डरच्या प्रत्येक मेसेजमध्ये ती आपलं पूर्ण युजरनेम मजकुरात लिहिते, आणि क्यूआर कोड फक्त प्रोफाइलवरच्या पिन केलेल्या पोस्टवर ठेवते. गिऱ्हाइकांना ती सांगते की नोटिफिकेशनवरून पैसे पाठवू नका, आधी नावावर टिचकी मारून प्रोफाइल उघडा आणि शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा.

`kashiatya_orders` आणि `kashiatya_masale` ही जवळची दोन नावंही तिने स्वतःच घेऊन ठेवली. त्यांवर एकच पोस्ट आहे, मुख्य खात्याचं नाव सांगणारी. ॲपचं मोठं अपडेट आलं की तिची मुलगी सासूबाईंचा फोन घेऊन स्क्रीनशॉटची तीच फेरी पुन्हा मारते आणि काही वेगळं दिसलं तर मला पाठवते.